ड्रम मशीन सुरुवातीला बरोबर, तिसऱ्या मिनिटाला मागे: मिडी क्लॉकचं ड्रिफ्ट कसं पकडायचं

प्रॉब्लेम ओळखीचा असेल. कॉम्प्युटरवर प्रोजेक्ट उघडलं, प्ले दाबलं, ड्रम मशीनपण लगेच सुरू झालं, पहिले आठ बार एकदम टाइट, म्हणून आपण खूश होऊन रेकॉर्डला लावतो आणि मग तिसऱ्या मिनिटाला कधीतरी लक्षात येतं की मशीनचा किक आणि प्रोजेक्टमधला बास यांच्यात फट पडलीय, किक मागून येतोय. थांबवून परत सुरू केलं की पुन्हा सगळं ठीक. परत तीन मिनिटांनी तेच.

माझ्याकडे हे दोन महिने चाललं होतं. मी काय काय नाही केलं, केबल बदलली, बफर बदलला, ड्रायव्हर परत टाकला, मशीन रीसेट केलं, आणि प्रत्येक वेळी कानाने ऐकून ठरवायचो की आता बरं वाटतंय. इथेच चुकत होतं. एकाच तक्रारीमागे तीन वेगळे बिघाड होते, एकावर एक बसलेले, आणि कानाला तिन्ही सारखेच ऐकू येतात. ते वेगळे झाले ते मोजल्यावर, त्यामुळे आधी मोजायचं कसं ते सांगतो.

मशीनवर साधा पॅटर्न बनवा, फक्त रिमशॉट, बारच्या चार बीटवर चार वेळा, बाकी काही नाही. स्विंग शून्य. रिमशॉटच का, तर त्याची सुरुवात वेव्हफॉर्ममध्ये सरळ भिंतीसारखी दिसते, किकची सुरुवात फुगीर असते आणि नेमकी कुठून धरायची यावरच वाद होतो. आता मशीनचा ऑडिओ प्रोजेक्टमध्ये रेकॉर्ड करा, शंभरेक बार, प्रोजेक्टच्या अगदी सुरुवातीपासून. रेकॉर्ड झालेल्या क्लिपवर वार्प किंवा टाइमस्ट्रेच चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर सॉफ्टवेअर स्वतःच क्लिप ओढूनताणून ग्रिडला बसवतं आणि तुम्ही मशीन मोजताय की सॉफ्टवेअरची मेहरबानी तेच कळत नाही.

मग झूम करून चार ठिकाणी बघायचं: बार 2, 34, 66 आणि 98, प्रत्येकाची पहिली बीट. ग्रिडच्या रेषेपासून रिमशॉटच्या भिंतीपर्यंत सिलेक्शन करून किती मिलिसेकंद होतात ते लिहून ठेवा. बार 1 मुद्दाम सोडलाय, कारण बरीच मशीन पहिले काही टिक येईपर्यंत टेम्पोचा अंदाज घेत असतात आणि पहिला ठोका थोडा इकडेतिकडे पडतो, त्यावरून काही ठरवू नका.

माझे पहिले आकडे असे आले: 7, 38, 69, 100. सगळे उशिराचे, म्हणजे मशीन मागे.

आता हे आकडे नुसते मोठे आहेत म्हणून वाईट असं नाही, त्यांचा आकार बघायचा. दर 32 बारला बरोब्बर 31 ने वाढ. सरळ रेषा. जर मशीन खरोखर क्लॉकवर चालत असतं तर अशी सरळ रेषा येणं जवळपास अशक्य आहे, आणि हे का ते कळलं की अर्धं काम झालं.

मिडी क्लॉकमध्ये टेम्पोचा आकडा जातच नाही. कॉम्प्युटर मशीनला 122 असं काही सांगत नाही. तो फक्त एक बाइट पाठवतो, दर क्वार्टर नोटला 24 वेळा, आणि मशीन ते मोजत पुढे सरकतं, सहा टिक झाले की एक सोळावा स्टेप. सुरू आणि बंद करायला वेगळे बाइट आहेत. सगळं मिळून एवढंच:

```
FA  Start
F8  Clock
FB  Continue
FC  Stop
F2  Song Position
```

म्हणजे मशीन टिक मोजत असेल तर ते हळूहळू मागे पडूच शकत नाही, टिक आला की पाऊल टाकायचं, नाही आला की उभं राहायचं, त्याला स्वतःचा वेग नाहीच. कॉम्प्युटरचं घड्याळ थोडं हळू असलं तरी मशीन त्याच्याबरोबर हळू चालेल. सावकाश, सरळ रेषेत, थोडं थोडं मागे पडणं म्हणजे दोन स्वतंत्र घड्याळं शेजारी शेजारी चालू आहेत. थोडक्यात मशीन क्लॉक ऐकतच नाहीये.

पण मग प्ले दाबल्यावर सुरू कसं होतं? होतं, कारण `FA` आणि `F8` वेगळे आहेत आणि बऱ्याच मशीनमध्ये त्यांची सेटिंगपण वेगळी असते, एक `Transport Receive` आणि एक `Clock Receive`, किंवा असंच काही नाव. माझ्याकडे पहिलं चालू होतं आणि दुसरं बंद. म्हणजे मशीन सुरू व्हायचं कॉम्प्युटरच्या हुकमावर आणि चालायचं स्वतःच्या मनाने. प्ले आणि स्टॉप जुळतंय म्हणून मी दोन महिने धरून चाललो होतो की सिंक आहे.

ही शंका असेल तर एका मिनिटाची टेस्ट आहे, सगळ्यात आधी हीच करा, रेकॉर्डिंगच्यापण आधी. दोन्ही चालू असताना प्रोजेक्टचा टेम्पो एकदम 122 वरून 90 करा. मशीन लगेच हळू झालं तर क्लॉक पोचतंय. मशीन आपलं 122 नेच ठोकत राहिलं तर ते स्वतःच्या घड्याळावर आहे, `INT` वर, आणि बाकीचं ट्रबलशूटिंग करण्यात अर्थ नाही, आधी ते `MIDI` किंवा `USB` वर न्या, जिथून क्लॉक येतंय तिथे. `AUTO` असेल तर मी ते टाळतो, कारण क्लॉक दिसलं नाही की ते गुपचूप आतल्या घड्याळावर जातं आणि आपल्याला कळत नाही.

आता एक कोडं उरलं होतं. मशीनवर टेम्पो मी हाताने 122 ठेवला होता, प्रोजेक्टही 122 चं, मग 93 मिलिसेकंदांचा फरक कुठून आला? दोन क्रिस्टल तंतोतंत सारखे नसतात हे खरं, पण तो फरक साधारण दहा लाखात काही दहा-वीस ते फार तर शंभर भागांचा असतो. 50 भाग धरले तरी तीन मिनिटांत 9 मिलिसेकंद होतात. माझा त्याच्या दहापट. मग टेम्पोच्या खान्यात नीट बघितलं तर तिथे 122.06 लिहिलेलं होतं. कधीतरी एक लूप ओढून टाकला होता आणि प्रोजेक्टने त्याचा टेम्पो घेतला होता, आणि मी रोज तिकडे बघून 122 च वाचत होतो. हिशोब करून बघा, 32 बार म्हणजे 128 बीट:

```
128 * 60 / 122.00 = 62.951 s
128 * 60 / 122.06 = 62.920 s
```

फरक 31 मिलिसेकंद. शून्य पॉइंट शून्य सहा. कागदावर काहीच नाही, आणि शंभराव्या बारला सरळ दोन ठोके ऐकू येतात.

(मशीनवरपण 122.06 ठेवता आलं असतं तर सुटलं असतं का? थोडंफार. पण बऱ्याच मशीनवर दशांशाचा एकच आकडा असतो, आणि असला दुसरा तरी क्रिस्टलचा फरक राहतोच. दोन मिनिटांच्या ट्रॅकला चालून जाईल, लाइव्ह सेटला नाही.)

बरं, `Clock Receive` चालू केलं, परत रेकॉर्ड केलं, आता सगळं सुटलं म्हणून चहा करायला गेलो आणि येऊन मोजलं तर आकडे: 8, 10, 29, 30.

बघा, आकार बदलला. पहिले दोन जवळपास सारखे, शेवटचे दोन जवळपास सारखे, मधे एकदम उडी. कानाला मात्र जुनीच तक्रार, सुरुवातीला बरं आणि नंतर मागे. जर मी मोजलं नसतं तर म्हणालो असतो की थोडा फरक पडला पण सेटिंगने काम झालं नाही, आणि कदाचित ते परत बंदपण केलं असतं.

उडी साधारण वीस मिलिसेकंदांची. आता एक टिक किती मोठा असतो ते काढा:

```
60000 / 122.06 / 24 = 20.48 ms
```

म्हणजे मधे कुठेतरी एक टिक हरवला. एकच. मशीनने त्या वेळी पाऊल टाकलं नाही आणि तिथून पुढे ते कायम एक टिक मागे राहिलं. हे परत आपोआप का जुळत नाही, तर `F8` वर नंबर नसतो. मशीनला कळायला मार्गच नाही की हा 1,200 वा टिक होता की 1,201 वा. हरवलेला टिक हा स्टॉप करून परत सुरू करेपर्यंत हरवलेलाच. ऐकताना हे ड्रिफ्ट वाटतं कारण गाण्याभरात दोन-तीन हरवले की फट वाढत जाते, पण ती पायऱ्यापायऱ्यांनी वाढते, उतारासारखी नाही. तुमची उडी एका टिकच्या पटीत बसत असेल तर शंका ठेवू नका. उलट मशीन एकदम पुढे उडी मारत असेल तर टिक हरवत नाहीये, जास्तीचा येतोय, त्यावर येतोच.

कुठे हरवला ते शोधायला मधले बार उघडत गेलो, 50 पर्यंत ठीक, 52 ला मागे. म्हणजे 51 च्या आसपास. तीनदा रेकॉर्ड केलं, दोनदा तिथेच एक टिक गेला, एकदा तर दोन गेले, 41 मिलिसेकंद. तिथे प्रोजेक्टमध्ये काय होतं? मशीनच्याच फिल्टरचं ऑटोमेशन, आठ बारांचा मोठा स्वीप, माउसने काढलेला, पॉइंटच पॉइंट. आणि तो सगळा त्याच एका केबलमधून जात होता ज्यातून क्लॉक जातं.

पाच पिनांच्या मिडीचा वेग ठरलेला आहे, सेकंदाला 31,250 बिट, एका बाइटला दहा बिट लागतात म्हणून एक बाइट 0.32 मिलिसेकंद. फिल्टरचा एक बदल म्हणजे तीन बाइट, जवळपास एक मिलिसेकंद. स्वीप दाट असेल तर रस्ता भरून जातो. नियमाप्रमाणे क्लॉकचा बाइट दुसऱ्या मेसेजच्या मधेही घुसू शकतो, त्याला तेवढा मान दिलेला आहे, त्यामुळे चांगल्या इंटरफेसमध्ये टिक थोडा उशिरा होईल पण मरणार नाही. पण माझी यूएसबी-मिडी केबल अगदी स्वस्तातली होती, मधल्या प्लॅस्टिकच्या डबीत जे काही चिप असेल त्याचा बफर भरला की ती बाइट टाकून द्यायची. असे हरवलेले बाइट नोटचे असतील तर नोट अडकून राहते, ते लगेच कळतं, क्लॉकचा असेल तर मात्र नुसतंच मागे पडतं.

खात्री करायची सोपी रीत: ऑटोमेशन लेन बंद करा आणि परत रेकॉर्ड करा. माझे आकडे आले 8, 9, 8, 10. सपाट.

ऑटोमेशन तर मला हवं होतं. पॉइंट कमी करूनपण चाललं असतं, पण मशीनला यूएसबीपण होतं, म्हटलं सरळ त्यानेच जोडू, पाच पिनांची ती केबल फक्त पाठीमागे लटकत राहू दे. जोडलं, नवीन पोर्टला क्लॉक चालू केलं, प्ले दाबलं आणि मशीन वेड्यासारखं दुप्पट वेगाने सुटलं. डिस्प्लेवर 244 च्या आसपास काहीतरी नाचत होतं. हसू आलं पण क्षणभर घाबरलोपण.

हा तो जास्तीच्या टिकांचा प्रकार. जुन्या पोर्टवर क्लॉक चालूच राहिलं होतं, मशीन दोन्हीकडून ऐकत होतं, दर क्वार्टरला 24 च्या जागी 48 टिक. माझ्याकडे अगदी दुप्पट झालं म्हणून लगेच कळलं, पण हे नेहमी इतकं उघड नसतं, कधी डिस्प्लेवरचा टेम्पो नुसता उड्या मारतो, कधी पॅटर्न अडखळतो. दुसरा असाच प्रकार म्हणजे मशीनचं क्लॉक सेंड चालू राहिलेलं आणि सॉफ्टवेअर तेच परत त्याच्याकडे फिरवतंय. नियम एकच ठेवा, मशीनकडे क्लॉक एकाच वाटेने आणि एकाच दिशेने. एबलटन लाइव्हमध्ये मिडीच्या सेटिंगमध्ये प्रत्येक पोर्टसमोर `Sync` चा चौकोन असतो, आउटपुटच्या फक्त एका ओळीत तो चालू हवा, मशीनच्या इनपुटच्या ओळीत बंद. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये जागा वेगळी असेल, पण प्रत्येक पोर्टला क्लॉक पाठवायचं की नाही ते कुठेतरी विचारलेलं असतंच.

शंका राहिली तर मिडी मॉनिटर लावून बघता येतं, विंडोजवर MIDI-OX, मॅकवर MIDI Monitor. मशीनकडून कॉम्प्युटरकडे येणाऱ्या पोर्टवर `F8` चा पाऊस दिसतोय का तेवढं बघा. दिसत असेल तर मशीनचं सेंड बंद करा. क्लॉकच्या ओळी काही मॉनिटर फिल्टर करून लपवतात, तो फिल्टर आधी काढा, नाहीतर काही येतच नाही असं वाटेल.

यूएसबी हबबद्दल: मीपण आधी सगळा दोष हबलाच दिला होता. हबवर मशीन, ऑडिओ इंटरफेस, हार्ड डिस्क सगळं एकत्र असेल तर टिक वेळेवर न पोचण्याचा त्रास होऊ शकतो, मशीन सरळ कॉम्प्युटरला लावून बघायला काही जात नाही. पण हबने सरळ रेषेचं ड्रिफ्ट येणार नाही. ते दिसत असेल तर हब बदलण्यात पैसे घालवू नका.

जुन्या पोर्टचं `Sync` बंद केल्यावर, ऑटोमेशन चालू ठेवून आकडे आले: 8, 9, 7, 9. यात आता दोन गोष्टी उरल्या. एक म्हणजे सगळीकडे साधारण 8 चा कायमचा उशीर, आणि दुसरं म्हणजे एखाद-दोन मिलिसेकंदांची थरथर.

कायमचा उशीर हा ड्रिफ्ट नाही, तो एका आकड्याने जातो. लाइव्हमध्ये त्याच पोर्टच्या ओळीखाली `MIDI Clock Sync Delay` असतं, मशीन उशिरा वाजत असेल तर तिथे वजा घालायचं, मी -8 घातलं आणि आकडे 0, 1, -1, 1 झाले. पण हे सगळ्यात शेवटी. बरेच जण, मी धरून, हे पहिल्यांदा फिरवतात, आणि मग तिसऱ्या मिनिटाला जुळेल असा आकडा घालतात, की सुरुवात बिघडते. उतार असो की उडी असो, आधी ते काढा.

इथे एक फसवणूक आहे. तुम्ही मोजलेल्या 8 मध्ये ऑडिओ इंटरफेसचा स्वतःचा उशीरपण असू शकतो, जर ड्रायव्हर सॉफ्टवेअरला तो चुकीचा सांगत असेल तर. तपासायला इंटरफेसचा आउटपुट केबलने त्याच्याच इनपुटला लावा, प्रोजेक्टमधला एक रिमशॉट वाजवून परत रेकॉर्ड करा. तो ग्रिडवर पडला तर छान. 3 मिलिसेकंद उशिरा पडला तर ते 3 रेकॉर्डिंगचे आहेत, क्लॉकचे नाहीत, ते रेकॉर्डिंगच्या लेटन्सी सेटिंगमध्ये दुरुस्त करा आणि क्लॉकला उरलेले 5 च द्या. नाहीतर रेकॉर्डिंग ग्रिडवर दिसेल पण खोलीत प्रत्यक्ष ऐकताना मशीन 3 ने पुढे असेल. माझ्याकडे केबल टेस्ट साफ आली म्हणून पूर्ण 8.

थरथर मात्र पूर्ण जात नाही. कॉम्प्युटर टिक पाठवतो ते बाकीची कामं सांभाळत पाठवतो, मधे यूएसबी, मग मशीन त्याचा अर्थ लावतं, प्रत्येक ठिकाणी थोडं पुढेमागे. ही साचत नाही, शंभराव्या बारलाही तेवढीच असते, त्यावरूनच ती ओळखायची. माझ्याकडे ऑडिओ बफर 512 वरून 128 वर आणल्यावर ती चार-पाचवरून एखाद-दोनवर आली, आणि बफर बदलला म्हणून -8 चा आकडा परत मोजावा लागला, हे विसरू नका. हाय-हॅट दोन्हीकडून एकदम वाजत असेल तर एखाद-दोन मिलिसेकंदपण फेज बदलल्यासारखे ऐकू येतात, तेव्हा मी एकच हॅट ठेवतो. ज्यांना त्याहून टाइट हवं त्यांच्यासाठी असे डबे मिळतात की ज्यांना प्रोजेक्टच्या एका ऑडिओ ट्रॅकमधून पल्स द्यायचे आणि ते त्याचं मिडी क्लॉक बनवतात, म्हणजे वेळ साउंडकार्डच्या सॅम्पलवर ठरते. मला अजून गरज पडलेली नाही.

मशीनलाच मास्टर करून कॉम्प्युटरला त्याच्या मागे लावा असा सल्ला मलाही मिळाला होता. करून बघितलं. प्रोजेक्टचा टेम्पो सतत 121.9, 122.1 असा हलत राहतो कारण आता अंदाज कॉम्प्युटर लावतोय, आणि त्याच्याबरोबर सगळे ऑडिओ क्लिप आणि डीलेपण हलतात. फक्त मिडी असलेल्या प्रोजेक्टला चालेल, रेकॉर्ड केलेला आवाज किंवा गिटार असेल तर नको.

आणखी एक, गाण्याच्या मधूनच प्ले दाबल्यावर मशीन जुळत नसेल तर ते वेगळंच. तिथे सॉफ्टवेअर `F2` ने जागा सांगून `FB` पाठवतं, आणि मशीनला `F2` कळत नसेल तर ते आपलं जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे जातं. टेम्पो बरोबर, जागा चुकलेली. अशा मशीनला मी दर वेळी पॅटर्नच्या लांबीवरच सुरू करतो, चार बारांचा पॅटर्न असेल तर 1, 5, 9, 13, आणि आधी मशीनवर स्टॉप दोनदा दाबून ते पहिल्या स्टेपवर आणतो.

सध्या रोज रेकॉर्डच्या आधी टेम्पो 90 करून बघतो, मशीन हळू झालं की परत 122. हो, प्रोजेक्टपण आता नुसतं 122 वर आणलंय, तो लूप वार्प करून टाकला.